इंटरव्ह्यूनंतरचा आभाराचा मेल, त्यात एक नवी कामगिरी आणि सोबत रेझ्युमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरी शोधणाऱ्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलामुलींकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जवळजवळ सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: फाउंड्रीतल्या क्वालिटी इंजिनिअरचे. कोल्हापुरात ते सगळ्यांना कळते, आणि तिथे आकडा लपवताही येत नाही, फुगवताही येत नाही.

१. आभाराचा मेल पाठवायलाच हवा का? इथे तर कुणी पाठवत नाही.

सक्ती नाही. नुसते ‘वेळ दिल्याबद्दल धन्यवाद’ एवढेच लिहायचे असेल, तर तो शिष्टाचार झाला. वाचणारा दोन सेकंदांत पुढे जातो. इंटरव्ह्यूत अर्धवट राहिलेली एखादी गोष्ट पुरी करायची असेल, तेव्हा मात्र हा मेल कामाचा. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने काही विचारले, तुमच्याकडे तेव्हा पुरे उत्तर नव्हते, आणि आता आहे. ते उत्तर म्हणजेच नवी कामगिरी, आणि तिची नोंद असलेला रेझ्युमे सोबत जोडायचा. या पानावर फक्त अशाच मेलबद्दल लिहिले आहे.

२. किती वेळात पाठवायचा?

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. रात्री साडेअकराला पाठवू नका, सकाळी कामाच्या वेळेत जाऊ द्या. कंपनीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते तेही बघून घ्या, कारण एमआयडीसीत सगळीकडे ती रविवारीच असते असे नाही. सुट्टीच्या दिवशी गेलेला मेल दुसऱ्या दिवशी चलनं आणि पर्चेस ऑर्डरींच्या ढिगाखाली जातो.

नवी कामगिरी दोन-तीन दिवसांनी पक्की होणार असेल, तर आभार अडवून ठेवू नका. आभार वेळेवर पाठवा, आणि निकाल आला की त्याच मेलला जोडून दुसरा छोटा मेल टाका.

३. ‘नवी’ कामगिरी म्हणजे नेमकी कोणती?

तीन प्रकार चालतात. इंटरव्ह्यूनंतर घडलेली गोष्ट; इंटरव्ह्यूच्या वेळी निकाल यायचा होता आणि आता आला अशी गोष्ट; किंवा आधी घडलेली, पण रेझ्युमेत नव्हती आणि बोलताना निसटली अशी. यातला दुसरा प्रकार सगळ्यात चांगला. त्याचा धागा समोरच्याच्या प्रश्नातच असतो, त्यामुळे मेल ओढूनताणून लिहिल्यासारखा वाटत नाही. तिसरा प्रकार जपून वापरा. ‘काल सांगायचे राहिले’ असे सरळ लिहा. जुनी गोष्ट कालच घडल्यासारखी मांडू नका. रेझ्युमेत तारीख असतेच.

रेझ्युमेत आधीच असलेली गोष्ट नव्या शब्दांत सांगणे ही नवी कामगिरी नव्हे. आणि ‘मी आता अधिक आत्मविश्वासाने काम करतो’ हे तर मुळीच नाही.

४. एकच का? माझ्याकडे तीन आहेत.

तीन लिहिल्या की मेलचा दुसरा रेझ्युमे होतो, आणि मग जोडलेला रेझ्युमे कोण उघडणार? इंटरव्ह्यूत ज्या विषयावर सगळ्यात जास्त वेळ बोलणे झाले, त्या विषयाची एक निवडा. उरलेल्या दोन रेझ्युमेत घालाव्यात का, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

५. एक पूर्ण उदाहरण दाखवाल का?

धरून चालू की उमेदवार गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे आणि ३० जूनला शिरोलीच्या दुसऱ्या फाउंड्रीत त्याचा इंटरव्ह्यू झाला. तिथल्या क्वालिटी हेडनी विचारले, ‘पावसाळ्यात ब्लो होल कसे आवरता?’ प्रश्न नेमका आहे. ग्रीन सँड मोल्डिंगमध्ये वाळूतला ओलावा वाढला, की ओतकामाच्या वेळी त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. आपल्याकडे जूनमध्ये उघड्यावरची वाळू भिजते, हवाही दमट असते, त्यामुळे मिक्सरमध्ये नेहमीइतकेच पाणी घातले तरी ते जास्त होते. उमेदवाराने सांगितले, की ओलाव्याची चाचणी वाढवून बघतोय, पण जूनचा आकडा अजून हातात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीच्या महिन्याच्या आढावा बैठकीत तो आकडा आला. मग त्याने संध्याकाळी घरून असा मेल लिहावा:

> आदरणीय सर,
>
> काल शिरोलीच्या प्लँटमध्ये क्वालिटी इंजिनिअर पदाच्या मुलाखतीसाठी वेळ दिलात आणि सँड लॅबही दाखवलीत, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.
>
> पावसाळ्यात ब्लो होल कसे आवरता, असे आपण विचारले होते. आमची ट्रायल चालू आहे आणि जूनचा आकडा यायचा आहे, असे मी सांगितले होते. तो आकडा आज आला. एका ब्रॅकेट कास्टिंगमधले ब्लो होलचे रिजेक्शन मार्चमध्ये ४.८ टक्के होते, ते जूनमध्ये ३.१ टक्के झाले. वाळूतल्या ओलाव्याची चाचणी शिफ्टमध्ये एकदाच न घेता दर दोन तासांनी घेणे आणि त्याप्रमाणे मिक्सरचे पाणी ठरवून देणे हे काम माझ्याकडे होते. मोल्डिंग सुपरवायझरांनी ते तिन्ही शिफ्टमध्ये राबवले.
>
> ही एक नोंद घातलेला रेझ्युमे सोबत जोडला आहे. पहिल्या पानावर ‘सध्याची नोकरी’खालचा दुसरा मुद्दा नवा आहे, बाकी मजकूर आपण पाहिलेलाच आहे.
>
> आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवावे.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, मोबाइल क्रमांक)

यात ‘सँड लॅबही दाखवलीत’ हे तीन शब्दही कामाचे आहेत. क्वालिटी हेडनी त्या दिवशी पाच-सहा जणांच्या मुलाखती घेतल्या असतील. लॅब दाखवलेला कोण, ते त्यांना लगेच आठवते. ‘मार्चमध्ये’ आणि ‘जूनमध्ये’ हेही मुद्दाम लिहिले आहे. मार्च कोरडा महिना, जून पावसाचा. ज्या महिन्यात रिजेक्शन वाढायचे त्या महिन्यात ते उतरले, हे फाउंड्रीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. तुम्ही ‘पावसाळा असूनही’ असे स्वतःच लिहिलेत, तर ती फुशारकी वाटते.

६. मग ‘रिजेक्शन ३५ टक्क्यांनी कमी केले’ असे लिहिले तर? ते जास्त भारी दिसते.

गणित बरोबर आहे. ४.८ वरून ३.१ म्हणजे १.७ ची घट, आणि १.७ हे ४.८ चे साधारण ३५ टक्के होतात. पण ‘३५ टक्के’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: कशाच्या ३५ टक्के? काही जण तर रिजेक्शन मुळात ३५ टक्क्यांच्या वर होते असा अर्थ घेतील, आणि मग अशा कंपनीतून आलेल्या माणसाबद्दल भलताच समज होईल. आधीचा आणि नंतरचा आकडा दिलात की हजार कास्टिंगमागे ४८ ऐवजी ३१ वाया गेली, हे वाचणारा स्वतःच काढतो. शॉप फ्लोअरवर लोक याच भाषेत बोलतात.

कालावधी आणि पार्ट न सांगता आकडा देणे हीसुद्धा अशीच पळवाट. एका पार्टवरचा आकडा पूर्ण प्लँटचा म्हणून खपवला, तर दुसऱ्या फेरीत ‘एकूण टनेज किती?’ या एका प्रश्नात तो उघडा पडतो.

७. काम टीमचे होते. मी माझ्या नावावर कसे लिहू?

निकाल टीमचा म्हणून सांगा आणि त्यातली तुमची क्रिया वेगळी काढून दाखवा. वरच्या मेलमध्ये चाचणीची वेळ बदलणे आणि पाण्याचे प्रमाण ठरवणे उमेदवाराकडे आहे, राबवणे सुपरवायझरांकडे. ‘आम्ही केले’ एवढ्यावर थांबलात तर तुमचे काय, ते कळत नाही. ‘मी केले’ म्हणालात तर तिन्ही शिफ्टमध्ये तुम्हीच उभे होता का, असे समोरचा विचारेल. शिवाय इथल्या फाउंड्रीवाल्यांची एकमेकांशी ओळख असते. उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याकडे दोन्ही कंपन्यांचे लोक भेटतात, आणि चहाला तुमच्या आकड्याचा विषय निघू शकतो.

८. जोडायच्या रेझ्युमेत नेमका काय बदल करायचा?

फक्त ती एक नोंद. मेलमधला आकडा, महिना आणि क्रियापद रेझ्युमेत जसेच्या तसे असू द्या. मेलमध्ये ३.१ आणि रेझ्युमेत ‘सुमारे ३’ असे झाले, की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

आधीची ओळ समजा अशी होती: ‘वाळूच्या दैनंदिन चाचण्या आणि रिजेक्शनचे विश्लेषण.’ हे कामाचे वर्णन झाले, त्यात कामगिरी नाही. नवी ओळ अशी: ‘वाळूतल्या ओलाव्याची चाचणी दर दोन तासांनी सुरू केली, एका ब्रॅकेट कास्टिंगमधले ब्लो होलचे रिजेक्शन ४.८ टक्क्यांवरून (मार्च) ३.१ टक्क्यांवर (जून).’ जुनी ओळ काढून तिच्या जागी ही बसवलीत तर पानही वाढत नाही.

उरलेल्या दोन कामगिऱ्या खऱ्या असतील तर त्याही घालता येतात, पण मग मेलमध्ये ‘एक नोंद’ असे लिहू नका. पगार, नोकरीच्या तारखा आणि पदनाम यांना हात लावायचा नाही. एचआरकडे तुमची पहिली प्रत फाइलला लागलेली असते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर न सांगितलेला बदल सापडला, तर कामगिरी बाजूलाच राहते आणि त्या बदलाचीच चर्चा होते. पहिल्या प्रतीत तारीख खरोखर चुकलेली असेल, तर ती दुरुस्ती मेलमध्ये वेगळ्या वाक्यात सांगा.

९. रेझ्युमे त्यांच्याकडे आहेच. पुन्हा कशाला जोडायचा?

त्यांच्याकडे आहे तो जुना. आणि एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: जीमेलमध्ये `Reply` केले की आधीच्या मेलची जोडपत्रे सोबत जात नाहीत, `Forward` केले तरच जातात. त्यामुळे ‘खाली जोडलेला आहेच’ असे समजून पाठवलेल्या मेलमध्ये फाइलच नसते.

मेलमध्ये रेझ्युमेचा उल्लेख करताना कुठे बघायचे ते सांगा: पान, शीर्षक, कितवा मुद्दा. ‘कृपया जोडलेला रेझ्युमे पाहावा’ एवढे वाचून दोन पाने पुन्हा कुणी चाळत नाही.

१०. फाइल कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या नावाने?

पीडीएफ. वर्डची फाइल समोरच्याच्या कॉम्प्युटरवर हलते, आणि रेझ्युमेत जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर असेल तर त्या जागी नुसती चिन्हे दिसतात. पाठवण्याआधी ती पीडीएफ स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा, कारण समोरचाही बहुतेक मोबाइलवरच उघडणार.

नाव असे ठेवा:

```
Naav_Aadnaav_QualityEngineer_July2025.pdf
```

पहिल्या दोन जागी अर्थातच तुमचे नाव आणि आडनाव, शेवटी पाठवण्याचा महिना. `resume final new 2.pdf` असे नाव असले की एचआरच्या डाउनलोडमध्ये ती फाइल कुणाची, हेच कळत नाही.

११. त्याच मेलला उत्तर द्यायचे की नवा मेल करायचा? विषयात काय लिहू?

इंटरव्ह्यूची वेळ कळवणारा मेल आला असेल तर त्यालाच `Reply`. विषयाची ओळ बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की तो वेगळा संवाद म्हणून दिसतो आणि आधीचा संदर्भ तुटतो. वेळ फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कळवली असेल, तर नवा मेल करा आणि विषयात पद व तारीख घाला: ‘क्वालिटी इंजिनिअर, ३० जूनची मुलाखत: आभार आणि सुधारित रेझ्युमे’.

१२. मेल मराठीत लिहू की इंग्रजीत?

त्यांचा मेल ज्या भाषेत आला त्या भाषेत. बहुतेक वेळा ती इंग्रजी असते, इंटरव्ह्यू भले सगळा मराठीत झालेला असो. वरचा नमुना मराठीत आहे तो मांडणी कळावी म्हणून. इंग्रजीत लिहिताना त्याचा शब्दशः अनुवाद करू नका. क्रम तेवढा ठेवा: आभार, त्यांचा प्रश्न, आकडा, तुमचा वाटा, रेझ्युमेतली जागा. छोट्या घरगुती कारखान्यात मालकांनी स्वतः मराठीत निरोप दिला असेल तर मराठीच बरी. ‘साहेब’ तोंडी ठीक आहे, मेलमध्ये ‘सर’ किंवा ‘मॅडम’ लिहा.

१३. पॅनेलवर तिघे होते. कुणाला पाठवू?

ज्यांचा पत्ता तुमच्याकडे आहे त्यांना. बहुतेक वेळा तो एचआरचाच असतो. मग मेल त्यांना करा आणि ‘प्रश्न क्वालिटी हेड सरांनी विचारला होता, कृपया त्यांच्यापर्यंत पोचवावे’ असे एक वाक्य घाला. कंपनीच्या पत्त्यांची ठेवण बघून दुसऱ्याचा पत्ता अंदाजाने बनवू नका.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर मेल कन्सल्टन्सीला, कॅम्पसमधून गेला असाल तर प्लेसमेंट ऑफिसरमार्फत. परस्पर पाठवलेला रेझ्युमे त्यांना आवडत नाही, आणि कंपनीकडे तुमच्या दोन वेगळ्या प्रती होतात.

१४. व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालेल?

सगळे बोलणे व्हॉट्सॲपवरच झाले असेल तर दोन ओळींचे आभार तिथे चालतात. रेझ्युमे मात्र मेलनेच पाठवा आणि ‘मेल केला आहे’ एवढे कळवा. व्हॉट्सॲपवरची फाइल फोन बदलला की हरवू शकते.

१५. आकडा माझ्या सध्याच्या कंपनीचा आहे. बाहेर सांगणे योग्य आहे का?

हा प्रश्न येतो त्याहून जास्त वेळा यायला हवा. नेमणूकपत्रातले गोपनीयतेचे कलम आधी वाचा. गिऱ्हाइकाचे नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, वाळूच्या मिश्रणाची कृती यातले काहीही मेलमध्ये किंवा रेझ्युमेत येता कामा नये. म्हणूनच नमुन्यात ‘एका ब्रॅकेट कास्टिंगमधले’ एवढेच आहे. नेमके टक्के बाहेर देणे कलमात बसत नसेल, तर ‘सुमारे एक तृतीयांशाने घट’ असे लिहा. प्रश्न ६ मधला आक्षेप इथेही लागू होतो, पण गोपनीयता आधी. तेही चालत नसेल तर वेगळी कामगिरी निवडा, उदाहरणार्थ आयएटीएफ १६९४९ च्या अंतर्गत ऑडिटरचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची.

पुरावा म्हणून कंपनीचा रिजेक्शन रिपोर्ट किंवा बोर्डाचा फोटो कधीही जोडू नका. आज तुम्ही त्यांचा कागद बाहेर दिलात, तर उद्या आमचाही द्याल, असेच समोरचा म्हणणार. स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र असेल तर तेही मागितल्यावरच द्या. आणि हा सगळा व्यवहार सध्याच्या कंपनीच्या मेल आयडीवरून अजिबात नको.

१६. परीक्षा दिली आहे, निकाल आठवड्यात येईल. आधीच लिहू का?

नको. ‘दिली आहे’ ही कामगिरी नाही. निकाल आल्यावर प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे दुसरा मेल करा.

१७. सरकारी किंवा निमसरकारी भरतीच्या मुलाखतीनंतरही असा मेल पाठवू का?

नाही. अशा जाहिरातींत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते, की कोणत्याही मार्गाने दबाव किंवा वशिला आणल्यास उमेदवारी रद्द होईल. निवड समितीच्या सदस्याला पाठवलेला आभाराचा मेलही त्यात धरला जाऊ शकतो. तिथे अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंतची पात्रताच मोजली जाते, त्यामुळे नंतरच्या कामगिरीचा उपयोगही होत नाही.

१८. मेल गेला आणि रेझ्युमे जोडायचाच राहिला. आता?

जीमेलच्या सेटिंगमध्ये `Undo Send` ची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आत्ताच वाढवून ठेवा. ती वेळ निघून गेली असेल तर त्याच मेलवर लगेच एक ओळ: ‘आधीच्या मेलसोबत रेझ्युमे जोडायचा राहिला होता, तो या मेलसोबत पाठवत आहे.’ माफीचा परिच्छेद नको, आणि सगळा मजकूर पुन्हाही नको. पुढच्या वेळी फाइल आधी जोडा, मग मजकूर लिहा, आणि पत्ता शेवटी टाका.

१९. उत्तरच आले नाही. पुन्हा विचारू का?

त्यांनी निर्णयाची तारीख सांगितली असेल तर ती उलटल्यावर दोन दिवसांनी, नसेल तर साधारण आठवड्याने, एकदाच. या वेळी रेझ्युमे नको, नवी कामगिरीही नको. फक्त प्रक्रिया कुठवर आली, एवढे विचारा.

२०. मेलमध्ये जूनचा आकडा दिला, पण जुलैमध्ये रिजेक्शन पुन्हा वाढून ३.९ झाले. आता दुसऱ्या फेरीला बोलावले आहे. काय करू?

मेल खोटा ठरत नाही, कारण त्यात महिना लिहिलेला आहे. दुरुस्तीचा मेल पाठवायची गरज नाही, रेझ्युमेही तसाच राहू द्या. पण विषय निघाला तर जुलैचा आकडा स्वतःहून सांगा आणि कारण घेऊन जा. मुसळधार पावसात नवी वाळू भिजून आली का? रात्रपाळीत चाचणीच्या वेळा चुकल्या का? की वाळूतल्या बेंटोनाइटचे प्रमाण बिघडले? शिफ्टवार नोंदी काढा, वाढ तिन्ही पाळ्यांत आहे की एकाच, ते आधी बघा. एकाच पाळीत असेल तर आधी चाचणीच्या नोंदी तपासा, तिन्हीत असेल तर वाळूकडे बघा. पावसाळ्यात फाउंड्री चालवलेल्या माणसाला ३.९ चे नवल वाटणार नाही. कोणत्या पाळीत वाढले, हे मात्र तो नक्की विचारेल.